काजळ-मस्काऱ्याचे डाग: आधी तेल, मग पाणी

पांढऱ्या टॉवेलवर काजळाचा डाग दिसला की हात आपोआप नळाकडे जातो आणि तिथून साबणाच्या वडीकडे. दोन मिनिटं खसखसून चोळलं की बोटाच्या पेराएवढा काळा डाग तळहाताएवढा राखाडी होतो. हा राखाडी पट्टा मूळ डागापेक्षा कितीतरी चिवट असतो. काजळाचे जे डाग कायमचे राहतात, त्यातले बरेचसे काजळाने नव्हे, तर या पहिल्या दोन मिनिटांनी कायमचे केलेले असतात.

याचं कारण काजळ कशाचं बनतं त्यात आहे. त्यातला काळा रंग हा पाण्यात विरघळणारा रंग नाही, ती अतिशय बारीक काळी भुकटी असते. बाजारच्या काजळात आणि मस्काऱ्यात ती सहसा काळ्या लोह ऑक्साइडची किंवा कार्बनची असते, घरी धरलेल्या काजळात ती दिव्याची काजळी, म्हणजे पुन्हा कार्बनच. ही भुकटी तेल आणि मेणात कालवलेली असते. मधमाशीचं मेण आणि कार्नोबा नावाचं झाडाचं कडक मेण ही त्यातली नेहमीची दोन. वॉटरप्रूफ प्रकारात याशिवाय पापण्यांवर पातळ पापुद्रा धरणारी रेझिनं असतात.

म्हणजे कापडावर दोन गोष्टी असतात: काळे कण आणि त्यांना धाग्याला चिकटवून ठेवणारं मेण. काळे कण पाण्यात, तेलात किंवा साबणात विरघळत नाहीत, त्यामुळे त्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. मेण सोडवायचं, म्हणजे कण मोकळे होतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. मेण तेलात सैल होतं, पाण्यात नाही. शिवाय सुती धागा पाणी लगेच पिऊन फुगतो, आणि ओल्या धाग्यात तेल नीट शिरत नाही. म्हणून डाग आधी भिजवला की पुढचं सगळंच काम अवघड होतं.

गरम पाण्याने मेण वितळेल असा एक तर्क असतो. मधमाशीचं मेण साधारण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं, कार्नोबा 80 अंशांच्याही पुढे. मशीनमधलं नेहमीचं 40 अंशांचं पाणी दोन्हीला पुरत नाही. उकळतं पाणी ओतलं तर मेण वितळतं खरं, पण वितळलेलं मेण काळे कण घेऊन धाग्याच्या आत उतरतं आणि गार झालं की तिथेच थिजतं. इस्त्रीनेही नेमकं हेच होतं.

आधी डागाची जात ओळखा

एक कोरडा इअरबड घ्या, त्यावर तेलाचा एक थेंब टाका आणि डागाच्या कडेला हलकेच टेकवून फिरवा. कापूस लगेच काळा झाला तर डाग मेणाचा आहे. बहुतेक काजळ आणि बहुतेक मस्कारे यातच येतात. कापूस फिकट राखाडीच झाला आणि डाग जागचा हलला नाही, तर पापुद्रा धरणारा वॉटरप्रूफ प्रकार समजायचा. त्याला तेल लागतंच, पण एकट्या तेलाने भागत नाही.

तिसरा प्रकार कमी आढळतो, पण तो ओळखला नाही तर उगाच तेल वाया जातं. काही मस्कारे पापण्यांभोवती नळीसारखं आवरण करतात आणि चेहरा कोमट पाण्याने धुतला की बारीक तुकड्यांत निघून येतात. असा मस्कारा टॉवेलवर पसरलेला दिसत नाही, काळ्या दोऱ्याचे तुकडे पडावेत तसा दिसतो. त्याला तेल लावू नका. टॉवेल वाळू द्या, झटका, उरलेले तुकडे चिकटपट्टीने उचला आणि जे राहील ते कोमट पाण्यात भिजवून सोडवा.

टॉवेलवरचा डाग, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, पांढऱ्या सुती टर्किश टॉवेलच्या एका टोकाला कुणीतरी तोंड पुसलंय. बोटभर लांबीचा काजळाचा ओघळ आहे, रात्रभर तसाच राहून वाळलाय. वाळलाय हे बरंच आहे, डाग ओला असेल तर मीही तो वाळेपर्यंत थांबेन.

टर्किश टॉवेलवर दोऱ्याचे उभे फास असतात आणि काजळ बहुधा या फासांच्या टोकांवरच बसलेलं असतं. हीच आपली जमेची बाजू. तो डाग खाली, विणीच्या मुळाशी जाऊ द्यायचा नाही. त्यामुळे ब्रश बाजूला ठेवा. ब्रशने काळे कण मुळाशी ढकलले जातात आणि फासही ओढले जातात. आधी बोथट चमच्याच्या कडेने वर साचलेलं काजळ अलगद उचलून काढा. चमचा डागाच्या कडेकडून मध्याकडे न्यायचा, उलट नाही.

आता तेल. माझी पहिली पसंती बेबी ऑइलला. ते खनिज तेल असतं, थोडं मागे राहिलं तरी पिवळं पडत नाही की खवट होत नाही. स्वयंपाकाचं तेलही मेण सोडवतं, पण ते नीट निघालं नाही तर काही आठवड्यांनी पिवळा डाग उमटतो, मग मूळ डाग कुठला आणि नंतरचा कुठला हेच कळेनासं होतं. मेकअप काढायचं क्लीन्झिंग ऑइल घरात असेल तर ते सगळ्यात सोयीचं, कारण तेल पाण्यात मिसळवणारा घटक त्यात आधीच असतो. दोन थरांचं मेकअप रिमूव्हरही उत्तम, बाटली हलवून मग वापरायचं. नुसतं मायसेलर वॉटर हलक्या मस्काऱ्याला चालतं, पण मेणाच्या जाड काजळासमोर ते कमी पडतं.

बोटभर डागाला सात-आठ थेंब पुष्कळ झाले. तेल डागावरच टाका, आजूबाजूला नको, आणि बोटाच्या टोकाने फास चिमटीत धरून हलकेच मळा. चोळायचं नाही, चिमटायचं. दहा मिनिटं तसंच ठेवा. काजळ चमकायला लागतं आणि किंचित ओघळल्यासारखं दिसतं. डाग वाढतोय असं वाटून इथे घाबरायला होतं, पण मेण सुटल्याची ही खूण आहे.

मग पांढऱ्या टिश्यू पेपरची घडी घ्या. पांढराच हवा, छापील नको. फास वरच्या वर टिश्यूत पकडा, दाबा, सोडा. प्रत्येक वेळी टिश्यूची स्वच्छ बाजू वापरायची, नाहीतर उचललेलं काळं तुम्ही पुन्हा टॉवेललाच परत द्याल. पहिल्या दोन-तीन दाबांत टिश्यू चांगलाच काळा होतो. काळं येणं मंदावलं की पुन्हा तीन-चार थेंब तेल आणि पुन्हा टिपणं. टिश्यूवर नुसतं तेल उमटायला लागलं, काळं नाही, की तेलाचं काम संपलं. त्यापुढे तेल ओतत राहिलात तर फक्त धुवायचं काम वाढतं.

आता अजूनही पाणी न लावता, त्या तेलावरच भांडी घासायच्या लिक्विडचे दहा-बारा थेंब टाका. कोरड्यावर लिक्विड ही या सगळ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त वेळा गाळली जाणारी पायरी आहे. लिक्विड दाट असतानाच ते तेलात नीट मिसळतं. आधी पाणी घातलं की ते पातळ होतं, आणि तेल धाग्यावर तसंच राहतं. बोटांनी चिमटत मळा, राखाडी साय आल्यासारखं होईल. पाच मिनिटं थांबा. मग चमचाभर कोमट पाणी घालून पुन्हा मळा. मिश्रण दुधाळ झालं तर तेल लिक्विडने पकडलंय. दुधाळ न होता पाण्यावर तेलाचे डोळे दिसले तर आणखी थोडं लिक्विड घाला.

धुताना टॉवेल अख्खा बादलीत बुडवायचा नाही. डागाचं टोकच तेवढं हातात धरून, वाहत्या कोमट पाण्याखाली, धार डागाच्या मागच्या बाजूने येईल असं धरा. सुटलेले काळे कण ज्या बाजूने आत गेले त्याच बाजूने बाहेर पडायला हवेत. बादलीत बुडवलं की हे कण पाण्यात तरंगतात आणि टॉवेलच्या स्वच्छ भागावर जाऊन बसतात. पांढरे टॉवेल हळूहळू मळकट राखाडी होतात त्यामागे हेही एक कारण असतं. जड पाणी असलेल्या घरात तर साबणाची वडी टाळाच. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा चिकट साका तयार होतो आणि काळे कण त्यातच अडकतात.

पाणी स्वच्छ यायला लागलं की तो भाग बोटांत घासून बघा. बुळबुळीत लागला तर तेल शिल्लक आहे, लिक्विडची पायरी एकदा पुन्हा करा. कोरकरीत लागला तर टॉवेल मशीनमध्ये टाका, लेबलवर चालत असेल तर 60 अंशांवर, नाहीतर 40 वर. पांढऱ्या कपड्यांसाठीची पावडर द्रव डिटर्जंटपेक्षा इथे बरी, कारण पावडरींमध्ये बहुधा ऑक्सिजन ब्लीच असतं, द्रवात सहसा नसतं. ड्रम गच्च भरू नका, कण वाहून जायला पाणी खेळतं हवं. कपडे मऊ करणारं सॉफ्टनर या फेरीत नको. ते धाग्यावर तेलकट थर चढवतं, आणि तोच तर आपण उतरवत होतो.

टॉवेल दोरीवर वाळवा. ड्रायर किंवा इस्त्री नको, डाग गेल्याची खात्री होईपर्यंत नको. ओल्या कापडावर तेलाचा डाग दिसत नाही, वाळल्यावरच दिसतो. म्हणून निकाल वाळल्यावर, दिवसाच्या उजेडात बघायचा. बोटभर डागाचं एका फेरीत फिकट सावलीत रूपांतर होतं आणि दुसऱ्या फेरीत तीही बहुतेक जाते. दुसऱ्या फेरीच्या आधी टॉवेल पूर्ण वाळलेला हवा.

वॉटरप्रूफ डाग

इअरबडच्या परीक्षेत जो हलला नव्हता त्याला दोन थरांचं रिमूव्हर द्या. त्याच्या वरच्या थरात हलकी, पटकन उडून जाणारी तेलं असतात, आणि वॉटरप्रूफ मस्कारा बनवताना बहुधा त्याच जातीची तेलं वापरलेली असतात, म्हणून ती त्याला सोडवतात. कापसाचा बोळा भिजवून डागावर पाच मिनिटं नुसता दाबून ठेवा, मग टिपा. बाकीच्या पायऱ्या वरच्यासारख्याच.

तरीही काळी रेघ उरली, तर धुऊन वाळवल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरून बघता येतं. सुती कापडाला ते चालतं. बोळा ओला करून टिपत राहायचं, खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि आसपास गॅस, दिवा, उदबत्ती असं काही पेटतं नको. नेलपॉलिश रिमूव्हरचा सल्ला मी देणार नाही. ॲसिटोन सुती धाग्याला काही करत नाही, पण ॲसिटेटचा धागा विरघळवतं, आणि टॉवेलच्या किनारीची शोभेची पट्टी कशाची आहे हे दर वेळी सांगता येत नाही.

अभ्र्याचं वेगळं का असतं

उशीच्या अभ्र्याची वीण साधी, सपाट आणि पातळ असते. काजळ टोकांवर बसून राहत नाही, ते आरपार जातं. म्हणून टॉवेलला जे केलं ते इथे उलट करायचं. अभ्रा उशीवरून काढा, उलटा करा आणि डाग टिश्यूच्या जाड घडीवर तोंडघशी टेकवा. तेल मागच्या बाजूने द्या आणि चमच्याच्या पाठीने वरून दाबा, म्हणजे काळं खाली टिश्यूत उतरतं. अभ्र्याच्या दोन थरांमध्येही एक घडी सरकवायला विसरू नका, नाहीतर डाग समोरच्या थरावर उमटतो. लिक्विडच्या पायरीला इथे मऊ टूथब्रश चालतो, फक्त तो उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेने फिरवा, गोल गोल नाही.

अभ्र्यावरचे डाग एका दिवसाचे नसतात ही दुसरी अडचण. रोज थोडं थोडं काजळ, त्यात चेहऱ्याचं तेल, क्रीम आणि घाम. काळं निघून गेल्यावर खाली पिवळट कडा दिसते ती या मिश्रणाची. ती काढायला ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, योग्य आहे. चार लिटर पाण्याला एक सपाट मोठा चमचा, पाणी 40 ते 50 अंशांचं, पावडर पूर्ण विरघळवून मग अभ्रा बुडवायचा आणि तीन-चार तास ठेवायचा. भांडं झाकणाने घट्ट बंद करू नका, त्यातून ऑक्सिजन सुटत असतो. गार पाण्यात हा उपाय फार मंद चालतो, आणि लोकरीला व रेशमाला तो अजिबात नको.

मात्र हे काळं गेल्यावरच. परकार्बोनेट काय किंवा क्लोरीनचं ब्लीच काय, दोन्ही रंगाचे रेणू तोडतात. कार्बनमध्ये आणि लोह ऑक्साइडमध्ये तोडण्यासारखा असा रंग नाही. काळ्या डागावर क्लोरीन ओतलं की भोवतालचं कापड आणखी पांढरं होतं आणि डाग आधीपेक्षा ठळक दिसतो. जास्त तीव्र किंवा वारंवार वापरलं तर सुती धागा कमजोर होतो, ते वेगळंच. ब्लीच वापरायचंच असेल तर ते ॲसिडच्या किंवा अल्कोहोलच्या जवळ जाऊ देऊ नका. व्हिनेगर आणि क्लोरीन ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

उरलेली सावली कशाची आहे

दोन-तीन फेऱ्यांनंतरही काही उरलं तर त्याचा रंग बघा. पिवळट असेल तर तेल, वर सांगितल्याप्रमाणे जाईल. तपकिरी असेल आणि मस्काराही तपकिरी होता, तर ते लाल-पिवळ्या लोह ऑक्साइडचे कण आहेत. गंज काढायचे ऑक्झॅलिक ॲसिडचे डागनाशक ते कमी करू शकतात. हे ॲसिड विषारी आहे. हातमोजे घाला, बाटलीवरच्या सूचनेपेक्षा जास्त वेळ ठेवू नका, भरपूर पाण्याने धुवा, आणि ब्लीचशी त्याची गाठ पडू देऊ नका.

शुद्ध राखाडी सावली राहिली तर तो बहुतेक कार्बन आहे. तो धाग्याच्या आत, तंतूंच्या सांदीत रुतलेला असतो, आणि त्याला बाहेर काढणारं घरगुती रसायन नाही. तेल आणि लिक्विडची आणखी एक फेरी देऊन बघा. टिश्यूवर काहीच आलं नाही तर तिथे थांबा. नंतरच्या नेहमीच्या धुण्यांत ती थोडी फिकी होत जाते. निळीने ती झाकली जाते, निघत नाही.

सॅटिन आणि रेशमाचे अभ्रे

पॉलिएस्टर सॅटिनवर काजळ वरच राहतं, त्यामुळे ते पटकन निघतं, पण पॉलिएस्टर तेल धरून ठेवतं. तेल अगदी थोडं वापरा, दोन-तीन थेंब, आणि लिक्विडची पायरी न कंटाळता दोनदा करा. पाणी 40 अंशांच्या पुढे नको, सुरकुत्या कायमच्या बसतात.

खरं रेशीम असेल तर आतल्या शिवणीवर आधी तेलाचा थेंब टाकून, धुऊन, वाळवून बघा, डाग किंवा कडा राहते का ते. राहत नसेल तर क्लीन्झिंग ऑइलने नुसतं टिपा, चिमटू किंवा घासू नका, कारण ओलं रेशीम घासलं की त्याची चमक जाते आणि ती परत येत नाही. धुवायला रेशमासाठीचं सौम्य द्रव डिटर्जंट आणि गार पाणी. साध्या पावडरमधली प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स इथे घातक आहेत, रेशीम हे स्वतःच प्रथिन आहे. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपून घ्या. आणि तो टॉवेल काजळ पुसलेला नाही ना, हे आधी बघा.